गाइडबद्दल विद्यार्थ्यांचं निनावी मत: चार-पाचच विद्यार्थी असताना ते खरं कसं मिळवायचं?

प्रश्न: आमच्या विभागात ९ गाइड आणि पीएचडीचे ४१ विद्यार्थी आहेत. गेल्या वर्षी गूगल फॉर्मवर निनावी फीडबॅक घेतला, पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सगळ्याच गाइडना ४.३ च्या वर गुण पडले. त्यानंतर दोनच महिन्यांत दोघं जण गाइड बदलून मागायला आले. मग फॉर्ममध्ये काय चुकलं? मार्गदर्शन, मसुदा तपासून मिळायला लागणारा वेळ, समान वागणूक आणि आधार, या चारही गोष्टी खऱ्या कळतील असं काय करावं?

उत्तर:

४१ ला ९ ने भागा. एका गाइडमागे साडेचार विद्यार्थी येतात, आणि सगळी अडचण तिथेच आहे. यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी जास्तीत जास्त ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. म्हणजे साठ जणांच्या वर्गात चालणारी फीडबॅकची रीत इथे जशीच्या तशी आणली तर ती कोलमडणारच. चार जणांपैकी कोण कसं लिहितं, कोणाचं कशावरून बिनसलंय, हे गाइडला पाठ असतं. फॉर्मवर नाव नसलं म्हणून विद्यार्थी निनावी होत नाही.

त्यात सगळ्या सह्या गाइडच्या हातात असतात. सहा महिन्यांचा प्रगती अहवाल, जेआरएफ असो की बार्टी, सारथी, महाज्योतीची फेलोशिप, तिची कागदपत्रं, सिनॉप्सिस, परीक्षकांची नावं सुचवणं आणि पुढे नोकरीसाठी शिफारसपत्र, हे सगळं एकाच माणसावर अवलंबून असतं. अशा वेळी पाचपैकी पाच देणं हा विद्यार्थ्याच्या दृष्टीने शहाणपणाच असतो. तुमच्या ४.३ मधून गाइड कसे आहेत ते कळत नाही, विद्यार्थ्यांना किती धास्ती आहे एवढंच कळतं. म्हणून दोन कामं करावी लागतील. निनावीपणा खरा करायचा, आणि मत विचारण्याऐवजी मोजता येईल असं काहीतरी विचारायचं.

आधी निनावीपणा. गूगल फॉर्ममध्ये एकाने एकदाच उत्तर द्यावं अशी अट घातली की लॉग-इन करावं लागतं. ईमेल गोळा करणं बंद ठेवलं तर तुमच्याकडे ईमेल येत नाही हे खरं, पण भरणाऱ्याला पडद्यावर स्वतःचंच खातं दिसत असतं आणि त्याचा विश्वास तिथेच उडतो. शिवाय उत्तरांच्या शीटमध्ये प्रत्येक ओळीपुढे भरल्याची वेळ सेकंदासकट असते. पावणेबाराला प्रयोगशाळेत एकटाच बसलेला विद्यार्थी कोण होता, हे कोणाला तरी आठवतंच.

यावर सगळ्यात भरवशाचा उपाय कागदी चिठ्ठ्यांचा आहे. प्रत्येक गाइडसाठी त्याच्या विद्यार्थ्यांइतक्या चिठ्ठ्या छापा. प्रत्येकीवर सहा अक्षरांचा वेगळा कोड असू द्या, आणि कोणत्या गाइडची चिठ्ठी आहे हे त्या कोडवरूनच फॉर्म ओळखेल अशी सोय करा, म्हणजे विद्यार्थ्याला गाइडचं नाव निवडावं लागत नाही. चिठ्ठ्या चार घड्या घालून, त्या त्या गाइडच्या पाकिटात टाकून विभागाबाहेरच्या व्यक्तीकडे द्या, उदाहरणार्थ ग्रंथपालांकडे. विद्यार्थ्याने जायचं, पाकिटातली कोणतीही एक चिठ्ठी उचलायची, आणि ग्रंथपालांनी यादीत त्याच्या नावापुढे फक्त 'घेतली' अशी खूण करायची. कोणी कोणती उचलली हे उचलणाऱ्याशिवाय कोणालाच माहीत नसतं, आणि महत्त्वाचं म्हणजे ते माहीत नाही हे विद्यार्थ्याला डोळ्यांनी दिसतं. फॉर्मला लॉग-इन लागत नाही आणि एक कोड एकदाच मोजला जातो. मुदत संपल्यावर उत्तरं वाचणाऱ्यांकडे शीट जाण्याआधी कोडचा आणि वेळेचा रकाना काढून टाकायचा, ओळींचा क्रम उलटापालटा करायचा. कॉलेजात शिकवता शिकवता अर्धवेळ पीएचडी करणाऱ्यांना संशोधन सल्लागार समितीपुढे सादरीकरणाला यावंच लागतं, त्यांनी त्याच फेरीत चिठ्ठी उचलावी. फॉर्म मात्र सगळ्यांनी सादरीकरण उरकल्यावरच उघडायचा. सादरीकरण तोंडावर असताना खरं लिहायची हिंमत कोणी करत नाही.

विचारायचं कोणाला, हा पुढचा मुद्दा. गेल्या वर्षी तुम्ही बहुधा सध्याच्या ४१ जणांनाच विचारलं असेल. ज्यांना सोसवलं ते टिकले, ज्यांना नाही ते निघून गेले, आणि आपण टिकलेल्यांनाच विचारतो. म्हणून गेल्या तीन वर्षांत पदवी मिळालेले, गाइड बदललेले आणि पीएचडी सोडलेले, या तिन्ही गटांना पाकिटात धरा. त्यांना बंद चिठ्ठी टपालाने पाठवता येते. पदवी मिळालेल्याचं गाइडकडे सहसा फारसं काही अडत नाही, तो मोकळं लिहितो. सोडून गेलेल्याच्या लिखाणात राग असू शकतो, पण घटना विचारल्या तर रागातूनही घटना कळतात. याचा आणखी एक फायदा म्हणजे संख्या वाढते. सहायक प्राध्यापकाचे सध्याचे ४, पदवी मिळालेले २ आणि गाइड बदललेला १ मिळून ७ होतात.

निकाल देताना पाचपेक्षा कमी उत्तरं आली तर त्या गाइडचा स्वतंत्र अहवाल काढायचा नाही, हा नियम आधीच जाहीर करा. नोंदलेले सात आणि उत्तर देणारे चार असतील तरीही नाही. एवढं बहुतेक ठिकाणी पाळलं जातं, पण एक चूक नेहमी राहते. दर वर्षी मागच्या तीन वर्षांची बेरीज करून नवा अहवाल दिला जातो. समजा, 'शोधनिबंधातला लेखकांचा क्रम लिहायला घेण्याआधी ठरला होता का?' या प्रश्नावर पहिल्या अहवालात ५ हो आणि १ नाही आहे. पुढच्या वर्षी यादीत एकाच विद्यार्थिनीची भर पडते आणि आकडे येतात ५ हो, २ नाही. जुन्यांनी तीच उत्तरं दिली असं धरलं की दुसरा 'नाही' कोणाचा हे शोधायला गाइडला फक्त वजाबाकी येणं पुरेसं आहे. म्हणून गाइडनिहाय अहवाल तीन वर्षांतून एकदाच द्या, आणि एका गठ्ठ्यातली उत्तरं दुसऱ्या गठ्ठ्यात येऊ देऊ नका. दर वर्षी काही हवं असेल तर गाइडची नावं न घेता सगळ्या विभागाचा एकत्र अहवाल काढा.

गाइडच्या हातात आकडेही देऊ नका. प्रत्येक प्रश्नापुढे तीनपैकी एकच शेरा असावा: बहुतेकांना ठीक, मतं विभागलेली, बहुतेकांना अडचण. कारण पाचही जणांनी 'कधीच नाही' लिहिलं आणि आकडा तसाच दिला, तर पाचही जण एका झटक्यात उघडे पडतात. 'बहुतेकांना' म्हटलं की प्रत्येकाला थोडी आड मिळते. ही आड पूर्ण नसते, आणि तेही फॉर्मच्या वरच स्पष्ट लिहायला हवं. विद्यार्थ्याला खोटी हमी देणं हा त्याच्यावरचाच अन्याय आहे.

याच कारणाने नोंदणीचं वर्ष, स्त्री की पुरुष, कोणती फेलोशिप, पूर्णवेळ की अर्धवेळ, हे विचारूच नका. सहा जणांत सारथीची फेलोशिप घेणारी मुलगी एकच असते. मोकळ्या लिखाणाचा रकाना एकच ठेवा आणि त्यावर लिहा: 'विषय, प्रकरण, गाव, उपकरण, तारीख यांचा उल्लेख करू नका.' आलेला मजकूर विभागाबाहेरच्या दोघांनी वाचून त्याचा आशय आपल्या शब्दांत लिहावा, मूळ वाक्य एकही पुढे जाऊ नये. मराठीत हे जास्त सांभाळावं लागतं. एक 'लई' किंवा एक 'बगा' लिहिणाऱ्याचा तालुका सांगून जातो.

आता विचारायचं काय. तुमच्या चार गोष्टींत सगळ्यात नीट मोजता येतो तो वेळ, आणि सगळ्यात चुकीचा मोजला जातो तोही वेळच. 'गाइड मसुदा वेळेत तपासतात का? १ ते ५ गुण द्या' हा प्रश्न निरुपयोगी आहे. एकाला तीन आठवडे म्हणजे वेळेत वाटतं, दुसऱ्याला उशीर. त्याऐवजी शेवटच्या एका मसुद्याबद्दल विचारा:

'गेल्या १२ महिन्यांत वाचण्याजोगे किती मसुदे दिलेत?'

'सगळ्यात अलीकडचा मसुदा कोणता होता: प्रकरण, शोधनिबंध की सिनॉप्सिस?'

'दिल्यापासून मजकुरावर पहिला शेरा मिळेपर्यंत किती आठवडे गेले? अजून मिळाला नसेल तर आजवर किती आठवडे झाले?'

'मधे किती वेळा आठवण करावी लागली?'

पहिला प्रश्न गाइडच्या बाजूने आहे आणि तो गाळू नका. वर्षभरात काहीच न देणाऱ्या विद्यार्थ्याची तपासणीबद्दलची तक्रार वेगळ्या गटात जाते. तिसऱ्या प्रश्नाचा दुसरा भाग तर सगळ्यात मोलाचा आहे. समजा, एका गाइडच्या सहा विद्यार्थ्यांची उत्तरं अशी आली: १, २, ३ आणि ५ आठवड्यांत शेरे मिळाले, एकाचा मसुदा ९ आठवडे पडून आहे, एकाचा १४. नेहमीच्या फॉर्ममध्ये शेवटच्या दोघांना 'किती दिवसांत मिळाला' याचं उत्तरच देता येत नाही, म्हणून ते रकाना रिकामा सोडतात. उरलेल्या चौघांची सरासरी येते २.७५ आठवडे, आणि गाइड अगदी तत्पर ठरतात. म्हणजे जितके जास्त मसुदे कायमचे अडकतील तितका आकडा सुधारत जातो. पडून असलेले दोन्ही मोजले, सहाही उत्तरं चढत्या क्रमाने लावली आणि मधल्या दोहोंची, ३ आणि ५ ची सरासरी घेतली तर मध्यांक येतो ४ आठवडे. अडकलेले मसुदे शेवटी १० आठवड्यांनी परत येवोत की ३० आठवड्यांनी, हा मध्यांक हलत नाही, म्हणून इथे सरासरीऐवजी तोच वापरायचा. त्याच्या जोडीला 'दोन मसुदे ८ आठवड्यांहून जास्त पडून' ही नोंद उत्तरं वाचणाऱ्यांच्या कागदावर स्वतंत्र ठेवायची.

उशीर कशाला म्हणायचं हे विभागाने आधी ठरवायला हवं. तीस-चाळीस पानांच्या प्रकरणाला तीन आठवडे, शोधनिबंधाला दोन, आणि सही किंवा पत्राला कामाचे तीन दिवस, हे गाइड आणि विद्यार्थी दोघांनाही पटण्यासारखं प्रमाण आहे. सहीचा प्रश्न मसुद्यापासून वेगळाच विचारा. मसुदा मन लावून वाचायला वेळ लागतो हे कोणीही समजून घेईल, पण फेलोशिपच्या कागदावर सहीसाठी चार चकरा मारायला लागणं याला वाचनाचं कारण देता येत नाही, आणि त्यात विद्यार्थ्याचं घरभाडं अडकलेलं असतं.

वेळेला जोडूनच मार्गदर्शन तपासता येतं, कारण परत आलेल्या मसुद्यावर काय लिहिलं होतं हे विद्यार्थ्याला नक्की आठवतं. लागू असेल तिथे खूण करायला सांगा: शुद्धलेखन आणि संदर्भांची मांडणी, युक्तिवादातल्या त्रुटी, पद्धतीबद्दल प्रश्न, नवं वाचन सुचवलं, फक्त 'चांगलं आहे, पुढे जा'. दोन दिवसांत 'चांगलं आहे' म्हणून परत करणारे गाइड वेळेच्या प्रश्नात पहिले येतात, इथे ते उघडे पडतात. आणि पाच आठवडे लावून पद्धतीतली चूक पकडणाऱ्या गाइडची बाजूही इथेच दिसते. दोन्ही प्रश्नांचे निकाल शेजारी शेजारी ठेवूनच वाचा.

समान वागणुकीचं वेगळं आहे. ती एका विद्यार्थ्यापुरती दिसत नाही, विद्यार्थ्यांमधल्या फरकात दिसते, आणि सरासरी नेमका तोच फरक पुसून टाकते. एका गाइडला ५, ५, ५, १, १ गुण पडले आणि दुसऱ्याला ३, ३, ४, ३, ४. दोघांची सरासरी ३.४. पहिल्याकडे तीन लाडके आणि दोन वाळीत टाकलेले आहेत, दुसरा सगळ्यांशी सारखाच बेताचा आहे. पहिल्याबद्दलची तक्रार दुसऱ्याबद्दलच्या तक्रारीहून कितीतरी गंभीर आहे. वरच्या तीन शेऱ्यांत मी 'मतं विभागलेली' वेगळा ठेवला तो यासाठीच. घटना विचारायच्या त्या अशा: लेखकांचा क्रम कधी ठरला, काम न केलेल्या कोणाचं नाव घालायला लागलं का, उपकरण किंवा प्रकल्पातली जागा कोणाला मिळणार हे सगळ्यांना कळवलं होतं का, आणि स्वतःच्या संशोधनाशी संबंध नसलेलं काम आठवड्याला किती तास करावं लागलं. शेवटच्या प्रश्नापुढे उदाहरणं द्या: पेपर तपासणं, नॅकच्या फायली, घरची कामं. उदाहरणं नसली तर अनेकांना हे 'संबंध नसलेलं काम' आहे असं वाटतच नाही, इतकं ते अंगवळणी पडलेलं असतं.

आधाराबद्दल दोन प्रश्न पुरतात. आजारपण, बाळंतपण किंवा घरची अडचण आली तेव्हा मुदतीचं वेळापत्रक पुन्हा बसवून दिलं का, आणि समितीपुढे सादरीकरणात गाइड तुमच्या बाजूने बोलले का. 'गाइड प्रेमळ आहेत का' हे विचारू नका. गोड बोलून सही अडवणारेही असतात आणि तुसडेपणाने बोलून रात्री जागून प्रकरण वाचणारेही.

हाच फॉर्म प्रत्येक गाइडकडूनही स्वतःबद्दल भरून घ्या. 'मी तीन आठवड्यांत परत करतो' असं मनापासून लिहिणाऱ्याला विद्यार्थ्यांचा 'बहुतेकांना अडचण' हा शेरा दाखवला की संभाषण तिथूनच सुरू होतं. ते विभागप्रमुखांनी, बंद खोलीत, एकट्याशी करावं. कोणी लिहिलं असेल याचा अंदाज गाइड बोलून दाखवू लागले तर तिथल्या तिथे थांबवावं. गाइडची क्रमवारी लावू नका आणि हे शेरे पदोन्नतीच्या फाइलीत जाऊ देऊ नका. तसं झालं की गाइड विद्यार्थ्यांना समोर बसवून फॉर्म भरून घेऊ लागतात, आणि पुढची सगळी उत्तरं वाया जातात. एका गठ्ठ्यात अडचण दिसली तर बोलणं आणि सहमार्गदर्शक देणं पुरे. लागोपाठ दोन गठ्ठ्यांत दिसली, आणि समितीची इतिवृत्तं, ईमेलच्या तारखा, गाइड बदलाचे अर्ज यांतूनही तेच दिसलं, तर नवे विद्यार्थी देणं थांबवा. नुसत्या निनावी उत्तरांवर कोणावर कारवाई करू नका. ती उलट तपासता येत नाहीत.

मोकळ्या रकान्यात कधीतरी गंभीर आरोप येईल: लैंगिक छळ, जातीवरून अपमान, फेलोशिपच्या पैशांत हिस्सा मागणं. तेव्हा काय करायचं ते फॉर्म उघडण्याआधी ठरवून ठेवा, कारण तक्रारदार कोण हे शोधायचा मोह त्या वेळी होतोच, आणि चांगल्या हेतूनेही शोधलं तरी पुढच्या वर्षी कोणी काही लिहीत नाही. फॉर्मच्या पहिल्याच ओळीत सांगा की ही तक्रार नोंदवायची जागा नाही, आणि खाली अंतर्गत समिती, अनुसूचित जाती-जमाती कक्ष, यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसारची विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि विद्यापीठाचे लोकपाल यांचे फोन व ईमेल द्या. तसा मजकूर आलाच तर वाचणाऱ्या दोघांनी तो गाइडच्या अहवालात न घालता, फक्त प्रकार कळवून संबंधित समितीला द्यावा. त्या समितीने सर्वच्या सर्व ४१ जणांना सारखंच पत्र पाठवावं: तक्रार कशी करायची, नाव कितपत गुप्त राहतं, आणि चौकशी चालू असताना गाइड बदलून मिळतो की नाही. लिहिणाऱ्याला ते पत्र आपल्यासाठी आहे हे कळतं, बाकी कोणालाच कळत नाही.